'पैसे कट झाले' : अर्धवट निरोपाच्या उत्तराला गुण देताना

बँकेच्या चॅटवर रात्री नऊच्या सुमारास एक निरोप येतो : 'पैसे कट झाले.' किती, कुठून, कधी, कशासाठी, यातलं काहीही नाही. नावही नाही. समोर बसलेला कर्मचारी एकाच वेळी आणखी तीन ग्राहकांशी बोलत असतो आणि त्याला मिनिटभरात काहीतरी उत्तर द्यायचं असतं. ते उत्तर पुढे कधीतरी एका तिसऱ्या माणसासमोर येतं. त्याला 'क्वालिटी'वाला म्हणतात, कुठे ऑडिटर म्हणतात. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या महिन्याभरातल्या काही मोजक्या गप्पा तो उघडतो, एका तक्त्यावर गुण भरतो, आणि त्या गुणांवर कर्मचाऱ्याचा इन्सेंटिव्ह, कधी कधी नोकरीही, अवलंबून असते.

हा तिसरा माणूस ग्राहकांच्या नजरेला कधी पडत नाही. पण चॅटवर आपल्याला कशी उत्तरं मिळतात, हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. ज्याला गुण मिळतात तेच कर्मचारी उद्या लिहितो. तक्त्यात 'नमस्कार म्हटलं का', 'दिलगिरी व्यक्त केली का', 'शुद्धलेखन', 'शेवटी आभार मानले का' असे रकाने असतील, तर उत्तरांत नमस्कार आणि दिलगिरीच भरभरून येते. अर्धवट निरोपाला दिलेलं उत्तर मात्र या रकान्यांत मावत नाही. तिथे खरा प्रश्न असा असतो की निरोपाचे जे चार-पाच अर्थ निघू शकतात, त्यांचं भान उत्तर देणाऱ्याला होतं का.

म्हणून गुण देणाऱ्यासाठी पहिली सूचना अशी हवी : उत्तर झाकून ठेवा. आधी फक्त ग्राहकाचा निरोप वाचा आणि त्याचे शक्य असलेले अर्थ कागदावर लिहून काढा. उत्तर आधी वाचलं की त्या उत्तराने धरलेला अर्थच आपल्यालाही एकमेव वाटू लागतो, आणि मग चुकीचा अंदाजही शहाणपणाचा दिसतो.

'पैसे कट झाले' या निरोपावर हे करून पाहू. एक, यूपीआयने ओळखीच्या कुणाला पैसे पाठवले, आपल्या खात्यातून गेले, पण समोरच्याला पोचले नाहीत. दोन, दुकानात क्यूआर कोड स्कॅन केला, पैसे वळते झाले, पण दुकानदाराला खात्री मिळाली नाही. तीन, एटीएममधून नोटा न येताच खात्यातून रक्कम गेली. चार, बँकेचं शुल्क, कर्जाचा हप्ता किंवा कधीतरी चालू करून विसरलेलं ऑटोपे. पाच, व्यवहार ग्राहकाने केलेलाच नाही, म्हणजे फसवणूक.

या पाचही अर्थांचं घड्याळ वेगळं चालतं. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून देणारं एक परिपत्रक काढलं. यूपीआयने व्यक्तीला पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानात दिलेल्या पैशांसाठी आणि एटीएमसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. उशीर झाला, तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने मागण्याची वाट न बघता. दिवस मोजायचे ते कॅलेंडरचे, बँकेच्या कामाचे नव्हेत. या तिन्ही प्रकारांत थोडं थांबणं हाच बहुतेक वेळा बरोबर सल्ला असतो.

पाचव्या अर्थात मात्र थांबणं हेच नुकसान. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने जी चौकट घालून दिली, तिच्यात चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले, अशा वेळी ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर त्याच्यावर काहीही भार येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर काही मर्यादेपर्यंतचा तोटा त्याला सोसावा लागतो. त्यानंतर सगळं बँकेच्या धोरणावर. आणि ग्राहकाने भुलून पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच. म्हणजे इथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. चोरलेली रक्कम पुढच्या खात्यांत फिरायला फार वेळ लागत नाही. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक त्यासाठीच आहे, रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता यावी म्हणून.

गुण देणाऱ्याच्या कागदावर हे पाच अर्थ आणि त्यांची घड्याळं आली की आता उत्तर उघडावं. मी इथे त्याच निरोपाला येऊ शकणारी पाच उत्तरं घेते आणि दहापैकी गुण देते. उत्तरं माझी आहेत, पण बँकेच्या चॅटवर बसलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटतील.

पहिलं उत्तर : 'नमस्कार! आमच्या बँकेशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद. तुम्हाला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया तुमची समस्या सविस्तर सांगा.'

जुन्या तक्त्यावर याला जवळजवळ पूर्ण गुण मिळतात. नमस्कार आहे, आभार आहेत, दिलगिरी आहे, भाषा शुद्ध आहे. मी तीन देईन. 'सविस्तर सांगा' म्हटल्यावर नेमकं काय सांगायचं हे ग्राहकाला कळत नाही. कळत असतं तर त्याने ते आधीच लिहिलं असतं. घाबरलेला माणूस यावर पुन्हा तेच लिहितो : 'अहो, पैसे कट झाले ना खात्यातून!' संभाषण एका फेरीने लांबलं आणि जिथे होतं तिथेच राहिलं. तीन गुण एवढ्यासाठी की या उत्तराने काही चुकीचं सांगितलं नाही.

दुसरं : 'काळजी करू नका. यूपीआयचा व्यवहार अयशस्वी झाल्यास रक्कम २४ ते ४८ तासांत आपोआप खात्यात जमा होते.'

हे उत्तर वाचायला फार बरं वाटतं. धीर देतं, मुदत सांगतं, प्रश्न विचारून त्रास देत नाही. आणि बहुतेक ग्राहकांच्या बाबतीत ते खरंही ठरेल, कारण फसलेले व्यवहारच जास्त असतात. तरीही मी याला एक गुण देईन. पाचपैकी एक अर्थ उचलून त्याने बाकीचे चार गिळले. ज्याचे पैसे चोरीला गेलेत, त्या माणसाला बँकेनेच दोन दिवस स्वस्थ बसायला सांगितलं. ज्याने दुकानात पैसे दिले, त्यालाही चुकीची मुदत मिळाली, कारण तिथे पाच दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. गुण देणाऱ्यांची सगळ्यात जास्त गफलत याच प्रकारच्या उत्तराबाबत होते, कारण ते ठाम असतं आणि ठामपणा ज्ञानासारखा दिसतो.

तिसरं : 'कृपया पुढील माहिती द्या : खाते क्रमांक, नोंदणीकृत मोबाइल, व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, यूटीआर क्रमांक, कोणते ॲप वापरले, पैसे कोणाला पाठवले, आणि स्क्रीनशॉट.'

चार गुण. यातलं बरंचसं पुढे कधीतरी लागेल हे खरं. पण पहिल्याच उत्तरात नऊ गोष्टी मागितल्या की ग्राहक बारा अंकी यूटीआर शोधायला ॲपमध्ये जातो, तो सापडत नाही, आणि चॅट दहा मिनिटं गप्प राहून आपोआप बंद पडते. शिवाय या नऊ प्रश्नांत 'हा व्यवहार तुम्हीच केला का' हा एकच महत्त्वाचा प्रश्न नाही. 'पैसे कोणाला पाठवले' असं विचारून ग्राहकानेच ते पाठवले हे धरून चाललेलं आहे.

चौथं : 'किती रुपये आणि कधी कट झाले, सांगाल का?'

छोटं, साधं, नेमकं. पाच गुण, आणि याच्यावर वाद होईल हे मला ठाऊक आहे. ग्राहक बँकेच्या ॲपमध्ये लॉगिन करून चॅटवर आला असेल, तर त्याचे शेवटचे व्यवहार कर्मचाऱ्याला पडद्यावर दिसतात. रक्कम आणि वेळ विचारणं म्हणजे समोर दिसणारी गोष्ट ग्राहकाकडून वदवून घेणं. तीच विचारणा समाजमाध्यमावर, जिथे ओळख पटलेली नाही आणि खातं दिसत नाही, तिथे केली असती तर गुण वाढवावे लागले असते. गुण देणाऱ्याने म्हणूनच कर्मचाऱ्यापुढे त्या क्षणी कोणता पडदा होता हे आधी बघायला हवं.

पाचवं : 'नमस्कार. आज रात्री ८:५२ ला तुमच्या खात्यातून यूपीआयने १,४५० रुपये गेलेले दिसतात. याच व्यवहाराबद्दल विचारताय का, आणि तो तुम्ही स्वतः केला होता का? केला नसेल तर फक्त "नाही" लिहा, खात्यावरचं यूपीआय इथूनच लगेच थांबवता येईल, आणि तोवर १९३० वर फोन लावा. केला असेल तर पैसे ओळखीच्या माणसाला पाठवत होतात की दुकानात, एवढं सांगा. पिन किंवा ओटीपी कुणालाही सांगू नका, मलासुद्धा नाही.'

नऊ गुण. या उत्तराची रचना समजून घ्यावी अशी आहे. दिसत होतं ते कर्मचाऱ्याने विचारलं नाही, सांगितलं. विचारलं ते फक्त ग्राहकालाच माहीत असलेलं. बँकेला रक्कम दिसते, वेळ दिसते, पैसे कोणाकडे गेले तेही दिसतं. व्यवहार कुणाच्या बोटांनी झाला हे कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. पाच अर्थांमधली सगळ्यात मोठी फट तिथेच आहे, एकीकडे थांबायचं आणि दुसरीकडे धावायचं. हा एक प्रश्न त्या फटीवर नेमका बोट ठेवतो. ग्राहकाने कोणतंही उत्तर दिलं तरी पुढचं पाऊल वेगळं आणि ठरलेलं आहे. आणि त्याने उत्तर दिलंच नाही, चॅट तुटली, तरी त्याच्या हातात १९३० हा क्रमांक आणि पिन न सांगण्याची सूचना उरते. दहावा गुण मी राखून ठेवला, कारण मजकूर थोडा लांबला आहे आणि घाबरलेल्या माणसाला तो दोन तुकड्यांत आला असता तर बरा वाचता आला असता.

यातून चांगल्या प्रश्नाची कसोटी मिळते. प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं काय आणि 'नाही' आलं काय, आपण पुढे तेच करणार असू, तर तो प्रश्न पहिल्या उत्तरात नको. गुण देणाऱ्याने प्रत्येक प्रश्नापुढे हे तपासून पाहावं. 'कोणतं ॲप वापरलं' या प्रश्नाला ग्राहकाने काहीही उत्तर दिलं तरी पहिल्या मिनिटात बँकेची कृती बदलत नाही. म्हणजे तो नंतरचा प्रश्न.

पण प्रत्येक अर्धवट निरोपाला प्रश्नानेच उत्तर द्यावं, असा नियम केला तर तोही घातक ठरतो. 'कार्ड बंद करा' हा निरोप घ्या. ग्राहकाकडे डेबिट आणि क्रेडिट अशी दोन कार्डं आहेत. कोणतं बंद करायचं? हरवलं म्हणून, की आता नकोच आहे म्हणून? विचारायला भरपूर आहे. पण कार्ड चोरीला गेलं असेल तर विचारपूस होईपर्यंत कुणीतरी ते वापरत असेल. बहुतेक बँकांत कार्ड तात्पुरतं थांबवता येतं आणि ते पुन्हा चालूही करता येतं. कायमचं बंद केलं की मात्र नवीन कार्डच घ्यावं लागतं. ज्या गोष्टीची चूक सुधारता येते आणि उशिराची भरपाई होत नाही, ती आधी करावी आणि मग विचारावं. 'दोन्ही कार्डं आत्ता तात्पुरती थांबवली आहेत. कोणतं हरवलं ते सांगा, दुसरं लगेच चालू करू' या उत्तराला माझ्याकडून पूर्ण गुण. 'कोणतं कार्ड?' एवढंच विचारणाऱ्याला निम्मे. आणि काही न विचारता दोन्ही कार्डं कायमची बंद करून टाकणाऱ्याला त्याहूनही कमी, मग ग्राहक नंतर खूश झाला असला तरी.

ग्राहक खूश झाला तरी, हे मुद्दाम लिहिलं. गुण देणाऱ्याच्या हातात संपूर्ण संभाषण असतं, शेवटासकट. दुसऱ्या उत्तरात 'काळजी करू नका' म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याचा अंदाज नऊ वेळा खरा ठरतो, पैसे दुसऱ्या दिवशी परत येतात, ग्राहक पाच तारे देतो. शेवट माहीत असलेला तपासनीस त्या उत्तराला सहज आठ गुण देऊन टाकतो. दहाव्या वेळी फसवणूक निघते आणि त्याच शब्दांना शून्य मिळतं. शब्द तेच, निरोप तोच, कर्मचाऱ्याला त्या क्षणी दिसत होतं तेही तेच. मग गुणही तेच असायला हवेत. त्यासाठी उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो : पहिल्या उत्तराचे गुण कागदावर लिहून झाल्याशिवाय पुढचं संभाषण वाचायचं नाही. काही ठिकाणी तक्त्याचं सॉफ्टवेअरच तसं करून घेतात, पहिला रकाना भरल्याशिवाय पुढचा मजकूर उघडत नाही. हे सगळीकडे व्हायला हवं असं माझं मत आहे, कारण माणसाला शेवट विसरून निवाडा करता येत नाही.

भाषेचा मुद्दाही तक्त्यात हवा. आपल्याकडे असंख्य लोक मराठी रोमन अक्षरांत लिहितात, मध्येच हिंदी शब्द, स्पेलिंग मनाला येईल तसं. अशा निरोपाला छापील इंग्रजी परिच्छेदाने उत्तर दिलं, तर मजकूर कितीही बरोबर असला तरी गुण कापले पाहिजेत. ज्याला नीट लिहिता आलं नाही, त्याला ते नीट वाचता येईल असं धरून चालता येत नाही. आणि नावाशिवाय आलेल्या निरोपाला 'सर' किंवा 'मॅडम' म्हणणं हाही एक अंदाजच. मराठीत 'तुम्ही' म्हटलं की भागतं.

एवढं सगळं लिहून दिल्यावरही दोन तपासनीस एकाच उत्तराला वेगळे गुण देतात. म्हणून 'कॅलिब्रेशन' नावाची बैठक असते : सगळ्यांनी तीच संभाषणं आपापली तपासायची आणि मग आकडे समोरासमोर ठेवायचे. इथे एक फसवा आकडा हमखास समोर येतो. समजा दोघांनी १०० उत्तरं तपासली, प्रत्येकाने ८० पास आणि २० नापास केली, आणि ८० उत्तरांवर दोघांचं एकमत झालं. ८० टक्के एकमत म्हणजे छान, असं वाटतं. पण दोघांनी डोळे मिटून ८० पास आणि २० नापास वाटले असते, तरी निव्वळ योगायोगाने साधारण ६८ उत्तरांवर त्यांचं जमलंच असतं. म्हणजे डोळे उघडे ठेवून मिळवण्यासारखी जागा फक्त ३२ उत्तरांची होती आणि त्यातली १२ त्यांनी मिळवली. जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये हा हिशेब मांडला, त्याला कोहेनचा कप्पा म्हणतात. आपल्या उदाहरणात तो ०.३८ च्या आसपास येतो. एवढ्यावर कुणाचा इन्सेंटिव्ह कापणं अन्यायाचं आहे.

असा आकडा आला की तपासनिसांना पुन्हा नियम पाठ करायला लावून फारसा उपयोग होत नाही. ज्या २० उत्तरांवर मतभेद झाला ती काढावीत आणि दोघांनी सुरुवातीला लिहिलेल्या अर्थांच्या याद्या शेजारी ठेवाव्यात. भांडण गुणांचं नसतं हे तिथे लगेच दिसतं. एकाच्या यादीत फसवणूक होती, दुसऱ्याच्या नव्हती. मग 'पैसे कट झाले', 'कार्ड बंद करा', 'ॲप चालत नाही' अशा वारंवार येणाऱ्या निरोपांच्या ठरलेल्या याद्या करून सगळ्यांना द्याव्यात. गुण जुळायला लागतात ते त्यानंतर.

एका बाबतीत मात्र यादी, पडदा, चर्चा यांपैकी कशाचीही गरज नाही. उत्तरात पिन, ओटीपी किंवा कार्डाच्या मागचे तीन अंक मागितले असतील, तर बाकी कितीही चांगलं असो, शून्य. तपासणीच्या भाषेत याला 'फेटल' म्हणतात आणि संपूर्ण संभाषणच नापास होतं. तपासनिसाच्या हातात ते संभाषण पडायला आठवडे जातात. त्यामुळे तुमच्या 'पैसे कट झाले'ला असं उत्तर आलं, तर त्याला शून्य तुम्हीच द्या : चॅट बंद करा, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला कळवा, आणि व्यवहार तुमचा नसेल तर त्याच क्षणी १९३० लावा.